तीन मार्कांचं उत्तर तीन मार्कांएवढंच कसं लिहायचं

प्रश्न: दहावीला आहे, मराठी मिडीयम. विज्ञान भाग १ चा पेपर कधीच पूर्ण होत नाही, तीन मार्कांना मी पान भरून लिहिते. कमी लिहिलं की नेमका मुद्दाच सुटतो आणि मार्क जातात. काय ठेवायचं आणि काय काढायचं हे कसं ओळखायचं?

मी शाळेत विज्ञान शिकवतो, पेपर तपासायची पण सवय आहे, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून सांगतो. पेपर ४० मार्कांचा, वेळ दोन तास, म्हणजे एका मार्काला तीन मिनिटं आणि त्यातच वाचणं, विचार करणं, आकृती सगळं आलं. तीन मार्कांच्या उत्तराला लिहायला खरं तर सहा-सात मिनिटंच मिळतात, तेवढ्यात पान भरत नाही.

एक नेहमीचा प्रश्न घेऊ: थंड प्रदेशात तळं गोठलं तरी जलचर जिवंत कसे राहतात? मुलं सुरुवात कशी करतात बघ. आधी प्रश्नच परत लिहितात, मग "पाणी हा जीवनाचा आधार आहे", मग असंगत आचरणाची अख्खी व्याख्या, मग होपचं उपकरण आठवतं म्हणून तेही, जलवाहिन्या फुटतात तेही, आणि शेवटी तळ्यावर येतात तेव्हा अर्धं पान संपलेलं असतं. यातलं चुकीचं काहीच नाही, पण विचारलेलं पण नाही, म्हणून त्याला मार्क पण नाही.

आता मार्क कुठे आहेत? मी तपासताना पाच ठिकाणी थांबतो. पाण्याची घनता ४°C ला सर्वांत जास्त असते हे आलं का. वरचं पाणी थंड होऊन खाली जातं आणि खालचं वर येतं, हे सगळं पाणी ४°C होईपर्यंत चालतं, हे आलं का. ४°C च्या खाली गेल्यावर वरचं पाणी प्रसरण पावतं, हलकं होतं, म्हणून वरच राहतं आणि तिथेच गोठतं, हे आलं का. बर्फ उष्णतेचा दुर्वाहक आहे हे आलं का. आणि तळाशी पाणी ४°C ला द्रवरूपच राहतं, म्हणून मासे जगतात. बस. आता हे उत्तर बघ:

"पाण्याची घनता ४°C ला सर्वांत जास्त असते. हिवाळ्यात पृष्ठभागावरचे पाणी थंड होऊन जड होते व तळाशी जाते, तळाचे पाणी वर येते. सर्व पाणी ४°C होईपर्यंत हे चालते. त्याखाली पृष्ठभागावरचे पाणी प्रसरण पावते, त्याची घनता कमी होते म्हणून ते वरच राहते व ०°C ला त्याचा बर्फ होतो. बर्फ उष्णतेचा दुर्वाहक असल्याने खालच्या पाण्याची उष्णता सहज बाहेर जात नाही. तळाशी पाणी ४°C ला द्रवरूप राहते, म्हणून जलचर जिवंत राहतात."

आठ-नऊ ओळी झाल्या, एकही मुद्दा गेलेला नाही.

छाटताना मुलं नेहमी एक घोळ घालतात, आकडा आणि "म्हणून" हेच आधी उडवतात. "पाणी थंड होऊन खाली जाते, वर बर्फ होतो, मासे जगतात" असं लिहिलं की मला दिसतं तुला शेवट माहितेय, कारण माहितेय का ते दिसत नाही. ४°C काढला तर वाक्य फक्त छोटं होत नाही, ते चूकच होतं, कारण थंड पाणी खाली जातं हे फक्त ४ पर्यंतच खरं आहे, त्याच्या खाली उलटं होतं. म्हणून वाक्य काढायच्या आधी बघ, हे नसेल तर पुढचं वाक्य लटकतंय का? लटकत असेल तर ठेव. होपचं उपकरण काढलं तर काहीच लटकत नाही, मग जाऊ दे. (उपकरणावरच प्रश्न आला तर अर्थातच तेच लिहायचं.)

अजून एक, दोन-तीन मुद्दे स्वल्पविराम देऊन एकाच लांब वाक्यात कोंबू नकोस. जागा वाचते पण गठ्ठ्यातला पेपर तपासताना डोळा घसरतो. एक मुद्दा, एक वाक्य, आणि ४°C, दुर्वाहक असे शब्द अधोरेखित केले तरी चालतं.

शास्त्रीय कारणाला दोनच मार्क असतात, तिथे हेच पाणी पण हिशोब वेगळा. "थंड प्रदेशात हिवाळ्यात जलवाहिन्या फुटतात" आलं तर वर-खाली होणारं पाणी, दुर्वाहक, मासे, यातलं काहीच नको. ४°C खाली पाणी प्रसरण पावतं, गोठताना आकारमान अजून वाढतं, नळीत जागा नसल्याने भिंतींवर प्रचंड दाब येतो म्हणून ती फुटते. चार ओळींत संपव आणि पुढच्या प्रश्नाला लाग.