दहा महिन्यांची मुलगी कुणाकडेच जात नाही, पुढे पाळणाघर आहे

प्रश्न: "मुलगी दहा महिन्यांची. कुणी घेतलं की अंग चोरते, माझ्या खांद्यात तोंड खुपसते. जावेचा मुलगा या वयात सगळ्यांकडे जायचा. दीड महिन्याने पाळणाघर. सवय व्हावी म्हणून सगळ्यांच्या हातात देत राहू का?"

नको. पाळणाघरातल्या ज्या ताई तिला सांभाळणार, फक्त त्यांचीच ओळख आधी होऊ द्या.

या वयात परक्या माणसाला बहुतेक बाळं बिचकतात, त्यामुळे तेवढ्यावरून तिचा स्वभाव ठरवू नका. पहिल्यांदा नाचणीचं सत्त्व भरवलंत तेव्हा काय झालं ते आठवा. थुंकून, हातपाय झाडून तिने घर डोक्यावर घेतलं, की घास नुसता ओघळू दिला, मान फिरवली आणि रोज थोडं थोडं दिल्यावर काही दिवसांनी खायला लागली? दुसरं असेल तर ती हळू रुळणारी आहे. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर दांपत्याने १९५६ पासून न्यूयॉर्कमधल्या मुलांचा तान्हेपणापासून मागोवा घेतला. त्यांतली सुमारे १५ टक्के मुलं अशीच होती.

त्यांचं म्हणणं असं की नुसत्या स्वभावामुळे अडत नाही. स्वभाव आणि घरच्यांची अपेक्षा जुळली नाही की अडतं. त्याच शहरात प्वेर्तो रिकोहून आलेल्या कामगार कुटुंबांत बाळाच्या झोपेला वेळकाळ नसला तरी कुणाची तक्रार नसायची. शाळेची वेळ पाळायची पाळी आली, तेव्हा तीच सवय अडचण ठरली.

तुमच्याकडे अपेक्षा आहे ती पाळणाघराची, आणि ती टळणार नाही. मग वेग तिचा ठेवा. सुरुवातीला रोज अर्धा तास तिला घेऊन तिथे सतरंजीवर बसा. ताईंनी हात पुढे करायचे नाहीत, जवळ बसून खेळणं वाजवायचं. मुलगी रांगत जाऊन त्यांच्या हातून वस्तू घ्यायला लागली की तुमच्यासमोर त्यांनी भरवायचं. त्यानंतर दहा मिनिटं बाहेर जा, पण टाटा करून, गुपचूप सटकून नाही. याच दिवसांत अंगावरचं दूध तोडणं किंवा झोपायची जागा बदलणं नको.

सोडताना रडली म्हणजे बिघडलं असं नाही. थोड्या वेळाने खेळते का, जेवते का, झोपते का, ते विचारा. अशा मुलांच्या बाबतीत फसगत होते ती शांतपणामुळे. मूल कोपऱ्यात गप्प बसतं, जेवत नाही, आणि "छान रमली हो" असं ऐकायला मिळतं. तसं दिसलं तर एक पायरी मागे या. मात्र रडते म्हणून नेणंच थांबवलंत, तर रुळायला लागणारा सराव तिला मिळणारच नाही.

घरच्यांकडे पाहूनही हसत नसेल किंवा हाक मारल्यावर वळत नसेल, तर तो स्वभाव समजू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा.