भावा, लग्नात बायकोला द्यायच्या वचनांचा तुझा ड्राफ्ट वाचला, आधी निम्म्याहून जास्त काप

चारशे शब्द म्हणजे जवळपास चार मिनिटं रे, आणि सप्तपदीनंतर पंगतीची वेळ झालेली असते. दीडशेच्या आत आण. सप्तपदीत बघ, एका पावलाला एकच मागणं, अन्न, बळ, असं करत सातव्याला सख्य. तसंच तू एका वाक्यात एकच गोष्ट बोल.

नवीन माणूस हमखास करतो ती चूक म्हणजे लिहिताना एकदम पुस्तकी होणं. तू लिहिलंयस, ‘तुझ्या प्रत्येक सुखदुःखात मी सदैव तुझी सावली बनून राहीन’. हे कुणीही कुणालाही म्हणेल! पण खाली तूच सहज लिहिलंयस की तिची नाईट शिफ्ट संपेपर्यंत तू जागा राहतोस, अरे तेच घे ना: ‘तुझी नाईट असली की मी जागा राहीन. झोप लागलीच तर चहा तरी करून ठेवीन.’ दुसरं वाक्य हसवतं, आणि तेवढ्यात तुला श्वास घ्यायला मिळतो.

मग मोठ्याने वाच, मनात नाही.
- जिथे अडखळशील तिथे वाक्य तोड. ‘आयुष्यभराच्या सहजीवनाच्या’ वर तू अडकणारच.
- ‘कधीच भांडणार नाही’ काढ, तीच हसेल. ‘भांडलो तरी न बोलता झोपणार नाही’ चालेल.
- मोबाईल नको, कार्डावर मोठ्या अक्षरात लिही, हात थरथरले तरी वाचता येतं.

पाठांतर, शेरोशायरी वगैरे सध्या राहू दे. नवा ड्राफ्ट टाक इथे.