गव्हाळ-सावळ्या चेहऱ्यावर कॉन्टूर मळकट आणि हायलायटर पांढरा का दिसतो

प्रश्न: "ताई लोकहो, मदत करा. माझा रंग गव्हाळाहून जरा सावळा, मॅकमध्ये एनसी ४२ लागतो. कपाळ-नाक तेलकट, गाल नॉर्मल. मे महिन्यात चिपळूणला बहिणीचं लग्न आहे, मी करवली. कॉन्टूर लावला की गालाला मळ लागल्यासारखं दिसतं आणि हायलायटरचा पांढरा पट्टा उठतो. क्रीम घेऊ की पावडर? आणि लावायचं नेमकं कुठे?"

क्रीम की पावडर हे जरा थांबून बघू. तुझ्या दोन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक एकच आहे: दोन्ही शेड तुझ्या रंगासाठी बनवलेल्या नाहीत, आणि दोन्हींत पांढरा रंग जास्त आहे.

कॉन्टूरचा तपकिरी रंग लाल, पिवळ्या आणि काळ्या आयर्न ऑक्साइडमधून तयार होतो. तो फिका करायचा तर त्यात टायटॅनियम डायऑक्साइड घालतात, म्हणजे चक्क पांढरा रंग. गोऱ्या चेहऱ्यासाठीच्या कॉन्टूरमध्ये काळा-पांढरा भरपूर आणि लाल-पिवळा नावापुरता असतो. गोऱ्या गालापेक्षा ती शेड गडद असते, म्हणून तिथे सावली पडल्यासारखी दिसते. आपल्या गालावर तीच शेड त्वचेइतकी किंवा त्याहून फिकीच ठरते. मग सावली कसली, नुसता राखाडी थर वर बसतो. तोच तुझा मळ. यावर बऱ्याच जणी ब्राँझर घेतात आणि गाल विटकरी होतात. ब्राँझर उन्हात रापल्याचा आभास द्यायला असतो, त्यामुळे त्यात मुद्दाम लाल-नारिंगी जास्त ठेवतात. सावली नारिंगी नसते.

तुला हवी आहे ती फाउंडेशनपेक्षा दोन शेड गडद, पूर्ण मॅट, अजिबात चमक नसलेली शेड. तपकिरी जायफळाच्या पाठीसारखा हवा: विटेकडे झुकणारा नको आणि राखेकडेही नको. खोक्यावर 'मीडियम' लिहिलंय यावर जाऊ नकोस. परदेशी ब्रँडचं मीडियम बरेचदा आपल्याकडच्या गोऱ्या मुलीला लागतं. आणि खरं सांगू का, 'कॉन्टूर' नावाची वस्तू विकत घ्यायलाच हवी असंही नाही. तुझ्याच फाउंडेशनच्या ब्रँडची दोन शेड गडद, मॅट स्टिक घेतलीस तरी काम झकास होतं, आणि दोन्हींचा अंडरटोन जुळलेलाही असतो.

दुकानात मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघू नकोस, ती जागा चेहऱ्याहून उजळ असते. जबड्याच्या कडेवर लाव, बोटाने पसरव आणि दाराबाहेर उजेडात जाऊन बघ. मनगटाच्या शिरा हिरव्या की निळ्या हे बघून अंडरटोन ठरवायचा प्रकारही सोडून दे, आपल्या रंगावर त्यातून धड काही कळत नाही. (आणि ही सगळी खरेदी हळदीच्या आधीच उरकून घे. उष्टी हळद करवलीलाही फासतातच, आणि मग पिवळ्या चेहऱ्याशी शेड जुळवत बसावं लागतं.)

आता हायलायटर. चमक येते ती अभ्रकाच्या बारीक पापुद्र्यांमुळे. त्यांच्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा लेप असला की चमक रुपेरी-पांढरी येते, आयर्न ऑक्साइडचा असला की ब्राँझ किंवा तांबूस, आणि दोन्ही असले की सोनेरी. तुझ्याकडच्या डबीवर 'पर्ल', 'आइस' किंवा 'मूनस्टोन' असलं काही लिहिलंय का बघ. सावळ्या गालावर या शेड उजेड पडला की चमकतात आणि उजेड हटला की मागे खडूचा पट्टा उरतो. तू शॅम्पेन-गोल्ड, पीच-गोल्ड किंवा रोझ-गोल्ड घे. तांब्याच्या शेड तुझ्याहून गडद रंगाला जास्त खुलतात. तुझ्या गालावर त्या ब्लशच वाटतील.

पारखायची रीत सोपी आहे. गालाच्या हाडावर थोडा लाव, खिडकीसमोर उभी राहा आणि मान हळूहळू फिरव. तो गाल खिडकीपासून वळला की हायलायटर नाहीसा व्हायला हवा, खाली नुसती तुझी त्वचा दिसायला हवी. सावलीतही पट्टा ओळखू येत असेल, विशेषतः जांभळट-पांढरा, तर ती शेड परत ठेव. कितीही पसरवलीस तरी ती जुळणार नाही.

आता क्रीम की पावडर. कॉन्टूर क्रीमचा घे. पावडरमध्ये रंगाबरोबर टाल्कसारखं भरणही असतं, आणि तेच सावळ्या त्वचेवर आधी पिठूळ दिसतं. तासाभराने चेहऱ्याचं तेल त्यात मुरलं की रंग गडद होतो, आणि घरून निघताना बेताचा वाटलेला कॉन्टूर कार्यालयात पोचेपर्यंत डोळ्यांत भरतो. क्रीमचा थर पातळ आणि अर्धपारदर्शक असतो. खालची त्वचा त्यातून डोकावते, त्यामुळे शेड उन्नीस-बीस असली तरी चालून जातं. पण चिपळूणचा मे आहे. मेण-तेलावरचं क्रीम तिथल्या दमट हवेत सुकायचं नाव घेणार नाही. सिलिकोनवर बनवलेलं घे, जे लावल्यावर मिनिटभरात बसतं. हाताच्या पाठीवर लावून दोन मिनिटं थांब आणि बोट फिरव. रंग बोटावर सहज आला तर लग्नात रुमालावरही येईल.

हायलायटर मात्र पावडरचा, आणि तोही जरासाच. घामात क्रीमची चमक आणि तेलाची चमक वेगळी ओळखू येत नाही, फोटोत तर नाहीच. तुझे गाल कोरडे असते किंवा लग्न डिसेंबरात पुण्याला असतं, तर मी उलट सांगितलं असतं.

लावायचं कुठे, यात मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण व्हिडिओंमधला चेहऱ्याचा नकाशा आपल्याला जशाच्या तसा लागू पडत नाही. आपल्यापैकी बऱ्याच जणींचा चेहरा कडेने मुळातच गडद असतो. कपाळाच्या दोन्ही बाजू, कानशिलं, तोंडाभोवतीचा भाग आणि कधी कधी जबड्याची कड. उजेडात आरशासमोर केस मागे बांधून बिनमेकअपचा चेहरा नीट बघ. जिथे निसर्गानेच कॉन्टूर करून ठेवलाय तिथे आणखी लावलास की चेहरा रेखीव होत नाही, मळकटच दिसतो. म्हणून कपाळावर तुला काही लावायचं नाही, असं मी न बघता सांगेन.

गालाचा कॉन्टूर असा. कानाच्या छिद्रापुढे जो छोटा उंचवटा असतो, तिथून बोट हाडावरून पुढे सरकव आणि हाडाची खालची कड चाचप. रेघ त्या कडेवर येते, तिच्याखालच्या खळग्यात नाही. गाल आत ओढून जी रेघ सापडते ती हमखास खाली जाते आणि चेहरा ओघळल्यासारखा दिसतो. रेघ कानाकडून सुरू कर आणि डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या सरळ खाली आली की थांब. 'ओठाच्या कोपऱ्यापर्यंत' असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. तोंडाभोवती गडदपणा असेल तर रेघ त्याला जाऊन मिळते आणि अर्धा गाल एकाच काळपट डागासारखा दिसतो. फोटोत 'मेकअप घाण झालाय' असं वाटतं ना, त्यातले निम्मे फोटो या एका कारणाने बिघडलेले असतात.

क्रीम थेट स्टिकने गालावर ओढू नकोस. हाताच्या पाठीवर घे, एका गालाला तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढं पुरे. ओल्या, घट्ट पिळलेल्या स्पंजने थापत लाव, घासू नकोस. पसरवायचं ते वरच्या दिशेने. खालची कड मात्र नीट ठेवायची, त्यासाठी फाउंडेशनचा वापरलेला स्पंज तिच्याखालून एकदा फिरव. मग चार पावलं मागे जाऊन आरशात बघ. रेघ कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे दाखवता येत असेल तर अजून थाप.

जबड्याला लावायचाच तर हाडाच्या खाली, गळ्याकडच्या बाजूला, आणि गळ्यात मिसळून टाक. नाकाला सोडून दे. तुझ्या नाकात नथ असणार, मोत्यांकडेच लक्ष जातं, आणि नथीच्या तारेखाली क्रीम तासाभरात गोळा होतं.

हायलायटर गालाच्या हाडाच्या सगळ्यात उंच भागावर लाव, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून कानशिलाच्या दिशेने. नाकाकडे आत येऊ नकोस. तिथे रंध्रं मोठी असतात, आणि चमक प्रत्येक खड्डा उठवून दाखवते. पिंपलचे खड्डे हाडावरच असतील तर तिथे हायलायटर नकोच, वरच्या ओठाच्या मधल्या खाचेवर एक ठिपका दे, बस झालं. कपाळ आणि नाकाचा शेंडा तुझे आपोआप चमकणार आहेत. ब्रश लहान आणि मोकळ्या केसांचा घे, पावडरीला नुसता टेकव आणि हाताच्या पाठीवर झटकून मग गालावर ने.

क्रम चुकला तर वरचं सगळं फुकट जातं. सनस्क्रीन, ते मुरलं की फाउंडेशन, त्यावर क्रीम कॉन्टूर, मग लूज पावडर, आणि शेवटी ब्लश-हायलायटर. पावडर बसल्यावर पुन्हा क्रीमला हात लावायचा नाही. क्रीम खालची पावडर उचलतं आणि गाल चट्ट्याचट्ट्यांचा होतो. लूज पावडर पांढरी घेऊ नकोस, इतक्या निगुतीने निवडलेला कॉन्टूर तिच्याखाली पुन्हा राखाडी होईल. जरा पिवळसर किंवा पीच झाक असलेली घे, आणि कॉन्टूरवर ती दाबून लाव, झाडून नको.

लग्नाच्या आठवडाभर आधी, दुपारच्या उकाड्यात, पूर्ण मेकअप एकदा करून बघ. पंख्याशिवाय तासभर घरात वावर आणि मग फ्लॅश लावून आणि न लावता असे दोन फोटो काढ. फ्लॅशमध्ये चेहरा गळ्याहून पांढरा आला तर दोष बहुधा लूज पावडरमधल्या सिलिकाचा किंवा सनस्क्रीनमधल्या झिंक-टायटॅनियमचा असतो. आधी पावडर बदलून बघ, मग सनस्क्रीन. कार्यालयातले दिवे वरून येतात, ते गालाखाली स्वतःच सावली पाडतात, म्हणून घरी आरशात 'अजून थोडा हवा' वाटलं तरी तिथेच थांब.

मुहूर्तानंतर चेहरा तेलकट झाला की लगेच कॉम्पॅक्ट काढू नकोस. आधी ब्लॉटिंग पेपर किंवा साधा टिश्यू दाबून तेल टिप आणि मग फक्त कपाळ-नाकाला पावडर दे. गालाला तेव्हा हात लावू नकोस. जेवणावळीपर्यंत हायलायटर थोडा उतरलेला असेल, तो तसाच राहू दे.