सासूबाईंना पाठवायची पहिली बंगाली वाक्यं

चिरंजीवास, अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय, बायको आईजवळ राहायला कोलकात्याला निघाली आहे आणि तुला रजा नाही. पण त्या आठवड्यात रोज त्यांची विचारपूस करायची आणि तीही बंगालीत, हे तू मनाशी पक्कं केलंस, याचा मला फार आनंद झाला. मी या शहरात सून म्हणून आले आणि इथलीच झाले, तेव्हा मला जे ठाऊक आहे ते सांगते. व्याकरणाचं पुस्तक सध्या बाजूला ठेव. एका आठवड्याला सात-आठ वाक्यं पुरतात. ती मात्र नेमकी हवीत आणि तुझ्या जिभेवर बसलेली हवीत. बंगाली शब्द मी इथे बोलतात तसेच लिहिते आहे, म्हणजे तुला वाचून म्हणता येतील.

पहिली गोष्ट बायकोबद्दल. तू बंगाली शिकणार ते तिचं फोनवरचं बोलणं ऐकून, आणि नेमका तिथेच घोटाळा होतो. बंगालीत समोरच्याला संबोधायच्या तीन पायऱ्या आहेत: आपनि, तुमि आणि तुइ. तुझी बायको आईला ‘मा, कॅमोन आछो?’ विचारते, कारण मुलगी आईला ‘तुमि’ म्हणते. आई तिला ‘कॅमोन आछिश?’ म्हणते, कारण पोटच्या मुलीला ‘तुइ’ चालतं. यातलं कुठलंही वाक्य उचलून तू सासूबाईंना पाठवलंस तर ते चुकीच्या पायरीवर पडेल. ‘आछो’ पाठवलंस तर सलगी वाटेल, पण ‘आछिश’ गेलं तर घरात सगळे गप्प होतील. तुझ्यासाठी वाक्य आहे ‘मा, कॅमोन आछेन?’

ओळखायची खूण सोपी आहे: क्रियापदाच्या शेवटी ‘न’ ऐकू आला की ते मानाचं. आछेन, खेयेछेन, कोरबेन, थाकबेन. सासऱ्यांबद्दल सासूबाईंना विचारतानाही हाच ‘न’ येतो: ‘बाबा खेयेछेन?’ आपण ‘बाबा जेवले का?’ म्हणतो तसंच. वाक्य पाठवण्याआधी एवढं एकच तपासत जा. काही घरांत जावई कायम ‘आपनि’च म्हणतो, काही घरांत सासू स्वतःहून सांगते, ‘आमाके तुमि कोरे बोलो’. हे वाक्य कानावर पडेल त्या दिवसापासून ‘तुमि’ वापर. त्याआधी नको. घरात आणखी एखादा जावई असेल तर तो काय म्हणतो, हे बायकोला आधीच विचारून ठेव.

एका बाबतीत मात्र तुला दिलासा आहे. बंगाली क्रियापदाला लिंग नसतं. मी ‘गेले’ म्हणते आणि तू ‘गेलो’ म्हणतोस, दोन्हींना ‘गेछि’. भाजी चांगली झाली, भात चांगला झाला, दोन्हींना ‘भालो होयेछे’. म्हणून निम्मी चिंता इथेच संपते.

आता उच्चार. मराठी माणसाला बंगाली स्वर सोपे जातात, कारण बॅट आणि बॉल म्हणताना येणारे ‘ॲ’ आणि ‘ऑ’ आपल्या तोंडात आहेतच. आपण अडकतो ते ‘च’ आणि ‘ज’पाशी. मराठीत ‘चमचा’ आणि ‘चहा’ यांतले ‘च’ वेगळे. बंगालीत नेहमी चहातलाच ‘च’. डोळ्याला ‘चोख’ म्हणतात आणि तुझ्या तोंडून तो आपल्या ‘चोख हिशोबा’तला निघेल, तेव्हा सांभाळ. ‘जाबेन’मधला ‘ज’ जयमधला आहे, जावईमधला नाही. बाकी ‘व’च्या जागी बहुतेक ठिकाणी ‘ब’ येतो आणि ‘स’च्या जागी ‘श’, म्हणून सावधान हा शब्द ‘शाबधान’ होतो.

आता तुझा आठवडा घेऊ. ऑपरेशनच्या सकाळी लांबलचक धीर देऊ नकोस. एवढंच म्हण: ‘मा, शॉब ठिक होये जाबे। बिकेले फोन कोरबो।’ सगळं ठीक होईल, संध्याकाळी फोन करतो. आणि संध्याकाळी फोन कर, विसरलास तर सकाळचं वाक्य फुकट गेलं.

दुसऱ्या दिवशी: ‘मा, आज चोख कॅमोन आछे?’ तिसऱ्या दिवसापासून काळजीचं एकेक वाक्य जोड. डॉक्टर थेंब घालायला सांगतातच, तेव्हा ‘ड्रॉप दिते भुलबेन ना’. डोळ्याला पाणी लावायचं नसतं, तर ‘चोखे जॉल लागाबेन ना’. आणि ज्या बाईने आयुष्यभर सकाळ-संध्याकाळ चूल सांभाळली, तिला सांगायलाच हवं असं वाक्य म्हणजे ‘कॉदिन रान्नाघॉरे जाबेन ना’, थोडे दिवस स्वयंपाकघरात जाऊ नका. ही वाक्यं नीट ऐक. सगळी भविष्यकाळात आहेत: विसरणार नाही, लावणार नाही, जाणार नाही. ‘करू नका’ सांगायची बंगालीत हीच रीत आहे. थेट आज्ञार्थाला ‘ना’ जोडलास तर मनाई न होता उलट ‘करा ना’ असा आग्रह होतो. ‘शाबधाने थाकबेन’, जपून राहा, हे त्याच घडणीचं वाक्य आणि कुठल्याही निरोपाच्या शेवटी चालतं.

एका दिवशी एकच वाक्य, फार तर दोन. पाच वाक्यं एकदम गेली की ती कुणीतरी लिहून दिली हे लगेच कळतं. बायकोकडून तपासून घे, पण तिच्याकडून लिहून घेऊ नकोस. आईला आपल्या लेकीची वाक्यं ओळखू येतात.

हे सगळं आवाजात पाठव. टंकलेलं नको. ऑपरेशननंतर त्यांना बारीक अक्षरं वाचायला लावायची नाहीत हे एक कारण. दुसरं असं की देवनागरी त्यांना सवयीची असेलच असं नाही, आणि बंगाली लिपी तुला अजून येत नाही. दहा-बारा सेकंदांचा आवाजी निरोप पुरतो. कागदावरून वाचू नकोस, वाचलेलं लगेच कळतं. वाक्य चार-पाच वेळा मोठ्याने म्हण, कागद उलटा ठेव आणि मग रेकॉर्ड कर. मधे अडखळलास तरी तेच पाठव. वेळही सांभाळ: दुपारच्या जेवणानंतर इथे वामकुक्षी असते, तेव्हा सकाळी चहाच्या सुमारास नाहीतर संध्याकाळी.

उत्तर येईलच, आणि खरी परीक्षा तिथे आहे. बहुधा असं येईल: ‘भालो आछि बाबा। तुमि खेयेछो? कि खेले?’ इथे बाबा म्हणजे तू. जावयाला, मुलाला मायेने तसं म्हणतात. बरी आहे रे, जेवलास का, काय जेवलास. जेवला असशील तर ‘हॅं मा, खेयेछि। भात आर डाल।’ जेवायचा असशील तर ‘ॲखोनो खाइनि’. इथे आपली माणसं हमखास ‘खेयेछि ना’ म्हणतात, कारण ‘नाही’ शेवटी जोडायची आपल्याला सवय. ‘जाणार नाही’ला ‘जाबो ना’ बरोबर आहे, पण न झालेल्या गोष्टीला शेवटी ‘नि’ लागतो. खाइनि, जाइनि, शुनिनि. आणखी एक लक्षात ठेव, बंगालीत चहा, पाणी, औषध सगळंच ‘खातात’. ‘चा खेयेछेन?’ हेच बरोबर, आणि चहा झाला का हे विचारायला याहून आपुलकीचं वाक्य नाही.

तुझं एक वाक्य चांगलं गेलं की त्या भरभरून बोलतील, आणि त्यातलं अर्धं तुला कळणार नाही. तेव्हा हसून ‘हॅं, हॅं’ करत राहू नकोस. त्या एखादं दुखणं सांगत असतील आणि तू होकार देत बसशील. म्हण: ‘मा, ऑर्धेक बुझलाम। आर ॲकबार बोलबेन?’ अर्धं समजलं, आणखी एकदा सांगाल? हे वाक्य मी सगळ्यांत वरचं मानते, कारण ते आलं की संभाषण तुटत नाही. फोन बायकोकडे देण्याची घाई करू नकोस. ती मधे आली की तुम्ही दोघं पुन्हा तिच्यामार्फतच बोलायला लागाल.

जमतंय की नाही, हे कसं कळेल? त्या तुला हिंदीत उत्तर देत असतील तर तुझं वाक्य त्यांना पेलत नाही, किंवा तुला त्रास होतोय असं त्यांना वाटतंय. मग वाक्य आणखी लहान कर आणि हळू बोल. ज्या दिवशी त्या बंगालीतच ‘इतक्या उशिरा जेवतोस?’ म्हणून रागावतील, त्या दिवशी गाडी रुळावर आली समज. ‘खूप छान बोलतोस’ हे कौतुक मात्र फार मनावर घेऊ नकोस, ते पाहुण्यांनाही मिळतं.

प्रत्यक्ष जाशील तेव्हाचं थोडंसं. जेवताना नुसतं ‘खूब भालो’ म्हणण्यापेक्षा पदार्थाचं नाव घे. शुक्तो म्हणजे कडसर भाज्यांचा पदार्थ, दुपारच्या जेवणात भाताबरोबर सगळ्यात आधी वाढतात. मोचार घॉन्टो म्हणजे केळफुलाची भाजी. केळफूल सोलायचं म्हणजे एकेका फुलातला ताठ दांडा आणि पापुद्रा काढत बसावं लागतं, हे कोकणातल्या आपल्या घरांतही माहीत आहे. ‘मा, मोचार घॉन्टोटा खूब भालो होयेछे’ म्हटलंस की त्या कष्टाकडे तुझं लक्ष गेलं हे त्यांना समजतं. निघताना ‘जाइ’ म्हणू नकोस. आपण ‘येतो’ म्हणतो तसं इथे ‘आशि’ म्हणतात, आणि मोठी माणसं ‘एशो’ म्हणून निरोप देतात. पुण्याला उतरल्या उतरल्या, घरी पोचायचीही वाट न बघता, ‘मा, पौंछे गेछि। चिन्ता कोरबेन ना।’ हा निरोप गेला पाहिजे. तोवर इकडे कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही.

आणि दशमीचं आताच टिपून ठेव. आपण दसऱ्याला सोनं वाटतो, त्या सुमारास इथे दुर्गेचं विसर्जन असतं. विसर्जन झालं की धाकटे मोठ्यांच्या पाया पडतात, लांब असलेले फोन करतात आणि म्हणतात, ‘शुभो बिजोया। आमार प्रोनाम नेबेन।’ विसर्जनाआधी हे म्हणत नाहीत. देवी अजून मंडपात असताना सकाळी सकाळीच पाठवून मोकळा होऊ नकोस, बायकोला विचार आणि रात्री कर. त्या दिवशी जमलं नाही तर कालीपूजेपर्यंत, म्हणजे आपल्या लक्ष्मीपूजनाच्या सुमारापर्यंत चालतं. सासऱ्यांना वेगळा फोन कर, सासूबाईंच्या फोनवर ‘बाबांनाही सांगा’ असं उरकू नकोस.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पहिली दोन वाक्यं रेकॉर्ड करून आधी मला पाठव. ‘चोख’ ऐकून सांगते.

तुझी,
मावशी