आधी आर्टिकलकडे बघ, मग शेवट लाव

अगं, ठाण्याच्या जर्मन क्लासमध्ये विशेषणांच्या शेवटांचे देतात ते तिन्ही तक्ते लोकलमध्ये उभ्याने पाठ करत बसू नकोस, फक्त एवढं बघ की लिंग-विभक्तीची खूण आर्टिकलने दाखवलीय का. ‘डेर हाइसे टे’ म्हणजे गरम चहा, त्यात डेरचा र आहेच, म्हणून विशेषण नुसतं हाइसे. आइन काहीच दाखवत नाही, मग तो र विशेषणावर येतो, ‘आइन हाइसर टे’, आणि आर्टिकलच नसेल तरी ‘हाइसर टे’. खरी गडबड डेटिव्हला होते, आइन दिसलं की लोक र लावून मोकळे, पण ‘मिट आइनेम’मध्ये म दिसतोय ना, मग डेमसारखंच, ‘मिट आइनेम हाइसन टे’. आर्टिकल काढलंस तर ‘मिट हाइसेम टे’. पुल्लिंगी-नपुंसकलिंगी जेनिटिव्ह तेवढा वेगळा, तिथे आर्टिकल नसलं तरी न च, कारण खूण नामाच्या स वर असते, ‘ट्रॉट्स श्टार्कन रेगन्स’.