आलेले, न आलेले आणि वेटिंगवाले: तीन वेगळे मेल

भावा, कार्यक्रमानंतरच्या मेलच्या मजकुराआधी यादी नीट कर. समज, दसरा चौकातल्या हॉलमध्ये कार्यशाळा झाली. नोंदण्या ७२: पक्क्या ५०, वेटिंग १८, रद्द ४. पक्क्यांपैकी ४१ आले, शिवाय वेटिंगमधल्या ५ जणांना दारातच जागा मिळाली.

घोळ या पाच जणांत होतो. नोंदणीवरून गट पाडलेस तर कार्यक्रमाला बसून गेलेल्या माणसाला 'जागा देता आली नाही, क्षमस्व' असा मेल जातो. म्हणून आधी हजेरी बघायची, मग नोंदणी. शीटमध्ये A रकान्यात ईमेल, B मध्ये नोंदणीची स्थिती, म्हणजे 'पक्के', 'वेटिंग' किंवा 'रद्द', आणि 'हजेरी' नावाच्या वेगळ्या पानावर आलेल्यांचे ईमेल ठेव. C2 मध्ये हे टाकून खाली ओढ:

```
=IF(COUNTIF('हजेरी'!A:A,A2)>0,"आले",IF(B2="पक्के","गैरहजर",B2))
```

बेरीज जुळव: आले ४६, गैरहजर ९, वेटिंग १३, रद्द ४. गैरहजर जास्त दिसले तर बहुधा ईमेलच्या शेवटी स्पेस राहिलेली असते किंवा दारात दुसराच पत्ता लिहिलेला असतो.

आलेल्यांना दुसऱ्याच दिवशी नोट्स आणि अभिप्रायाची लिंक. गैरहजरांना नोट्स द्यायच्या, पण अभिप्राय मागायचा नाही आणि 'का आला नाहीत' हा सूरही नको. वेटिंगवाल्यांना पुढच्या तारखेची नोंदणी सगळ्यांच्या आधी, दोन दिवसांची मुदत घालून. मुदत नसली की जागा अडकून पडतात. ज्यांनी आधी कळवून रद्द केलं, त्यांना गैरहजरांचा मेल चुकूनही नको.

ऑटोमेशन सध्या राहू दे.