एक्स्पायरीला जेमतेम आत गेलेला कॉल तसाच सोडला तर?

प्रश्न: बडोद्याहून विचारतो आहे. एका शेअरचा १००० चा कॉल ₹१२ ला घेतला, लॉट ५०० चा. आज एक्स्पायरी, भाव १००२ च्या आसपास. खात्यात ₹४०,००० आहेत. न विकता सोडून दिला तर दोन रुपये आपोआप जमा होतील ना?

उत्तर: नाही. हा कॉल शेअरचा आहे, निफ्टीचा नाही. इंडेक्समध्ये फरकाची रोकड मिळते, पण शेअरच्या ऑप्शन्समध्ये ऑक्टोबर २०१९ पासून प्रत्यक्ष शेअरची देवघेव होते. कॅश बाजारातला बंद भाव १००० च्या वर एक पैसा जरी राहिला तरी कॉल आपोआप एक्सरसाइज होईल आणि ५०० शेअर १००० ने तुमच्या गळ्यात पडतील. म्हणजे ₹५ लाख भरायचे. पूर्वी 'एक्सरसाइज करू नका' असं कळवायची सोय होती. मार्च २०२३ च्या एक्स्पायरीपासून ती बंद झाली.

पैसे असते तरी हिशोब तोट्याचाच आहे. बंद भाव १००२ धरला तर कमाई ₹१,०००. डिलिव्हरीचा एसटीटी ०.१ टक्का, म्हणजे ₹५००. स्टँप ड्यूटी ₹७५. अशा डिलिव्हरीवर काही ब्रोकर ०.२५ टक्के दलाली लावतात. ती ₹१,२५० आणि वर जीएसटी ₹२२५. शेअर विकताना आणखी साधारण ₹५०० एसटीटी. झाले अडीच हजारांवर. तुमचा ₹६,००० प्रीमियम तर आधीच गेलेला आहे. शिवाय शेअर हातात येईपर्यंत भाव एक टक्का घसरला, तर आणखी ₹५,००० गेले.

तुमच्या खात्यात मात्र ₹४०,००० च आहेत. एक्स्पायरीआधीच्या चार दिवसांत आत असलेल्या लाँग ऑप्शनवर डिलिव्हरी मार्जिन टप्प्याटप्प्याने चढतं. ते कमी पडलं की बरेच ब्रोकर स्वतःच सौदा कापतात. पण ती त्यांची सोय आहे, त्यांच्यावर बंधन नाही. तिच्या भरवशावर राहू नका.

म्हणून कॉल दुपारीच विका, शेवटच्या दहा मिनिटांची वाट पाहू नका. खरेदीदार कमी असतात, त्यामुळे दोनऐवजी ₹१.२० चाच भाव दिसेल. तोही घ्या. ₹६०० हातात येतात, एसटीटी रुपयाच्या आत-बाहेर, आणि एका ऑर्डरची दलाली. भाव ९९८ वर आला तरी 'आता आपोआप शून्य होईल' असं समजू नका. बंद भाव हा शेवटच्या सौद्याचा भाव नसतो, एक्स्चेंज तो वेगळा काढतं. स्क्रीनवर बाहेर दिसणारा कॉल त्यात आत निघू शकतो.

पुट असता तर याहून वाईट. तिथे ५०० शेअर द्यावे लागतात. डीमॅटमध्ये नसतील तर एक्स्चेंज ते लिलावात घेतं, आणि तिथला चढा भाव तुमच्याकडून वसूल होतो.

जुने लोक 'एक्सरसाइज झालं की पूर्ण किमतीवर एसटीटी' म्हणून घाबरवतात. इंडेक्स ऑप्शन्सना ते सप्टेंबर २०१९ पासून लागू नाही, तिथे कर फक्त आतल्या फरकावर लागतो. शेअरच्या कॉलला मात्र वर पाहिलंत तसा डिलिव्हरीचा एसटीटी पूर्ण ₹५ लाखांवर लागतो.